D जागचा हलला नाही असं वाटतं तेव्हा

रात्री साडेनवाला मोबाइलवर फोटो आला. आमच्या वरच्या मजल्यावर अकरावीतली एक मुलगी राहते. लोकमान्य नगरातल्या या इमारतीत तिच्या आजीच्या काळापासून आमचा घरोबा आहे, त्यामुळे मी तिचा 'काका' आणि तिच्या गणिताचा रात्रपाळीचा चौकीदारही. फोटोखाली तिनं लिहिलं होतं : "काका, D तर फक्त उलटा झालाय. मग उत्तर -f(x) का नाही?"

प्रश्न शाळेतल्या सरांनी हातानं काढून दिलेला होता. चौकटीच्या कागदावर दोन वक्र होते. एकाला y = f(x) असं नाव दिलेलं, दुसऱ्याला y = g(x). f चं सूत्र कुठेच नव्हतं आणि ते मिळणारही नव्हतं. होते ते वक्रांवरचे ठिपके आणि त्यांची नावं. विचारलं होतं एवढंच : f चा आलेख सरकवून, ताणून वा उलटा करून g कसा मिळतो ते शब्दांत सांगा आणि g(x) हे f च्या रूपात लिहा.

```
f :  A(-2, 0)   B(0, 4)    C(4, 0)    D(6, -2)
g :  A'(2, 1)   B'(3, -1)  C'(5, 1)   D'(6, 2)
```

हे बिंदू इथे असे नीट मांडलेत, पण फोटोत ते इतके नीट नव्हते. पहिल्यांदा मीच B' चं लेबल (3, 1) असं वाचलं. उण्याची खूण बरोबर कागदाच्या छापील आडव्या रेघेवर पडली होती आणि तिच्यात विरून गेली होती. चूक लक्षात आली ती ठिपक्याकडे पाहिल्यावर, कारण ठिपका x-अक्षाच्या खाली होता. लेबल आणि ठिपका यांचं जमत नसेल तर आधी ठिपका कोणत्या चरणात आहे ते पाहावं. रेघेवरची उण्याची खूण फोटोत हरवू शकते, ठिपका काही अक्ष ओलांडून पलीकडे जात नाही. शिवाय (3, 1) खरं धरलं तर A', B', C' तिन्ही एकाच उंचीवर येतात. f मात्र A पासून B पर्यंत चार एकक चढतो. वर-खाली कितीही ताणा किंवा दाबा, चढ सपाट होत नाही.

आता तिच्या प्रश्नाकडे. D आहे (6, -2) आणि D' आहे (6, 2). कागदावर दोघं एकाच उभ्या रेघेवर, x-अक्षाच्या वर आणि खाली अगदी आरशातल्यासारखे. पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते, कारण बाकी तिन्ही बिंदू अस्ताव्यस्त हललेले आहेत आणि हा एकच ओळखीचा वाटतो. मी तिला म्हटलं, "उत्तर -f(x) असेल तर A कुठे जाईल?" ती म्हणाली, "शून्य उलटं केलं तरी शून्य. जागीच राहील." "आणि A' कुठे आहे?" जरा वेळानं उत्तर आलं, "अरे हो. (2, 1)."

एका बिंदूवरून रूपांतर ओळखता येत नाही. D ला D' पर्यंत नेणारे मार्ग हवे तितके आहेत. तिचा -f(x) नेतो, नुसतं चार एकक वर सरकवलं तरी नेता येतं, आणि प्रश्नात जे खरोखर घडलंय तेही नेतं. D ची x-किंमत बदलली नाही यावरून तिनं ताडलं की आडव्या दिशेनं काहीच झालेलं नाही. पण आलेख आडवा दाबला आणि सरकवलाही, तर साधारणपणे एक उभी रेघ अशी निघतेच जी फिरून आपल्याच जागी येते. इथे ती रेघ x = 6 आहे. सरांनी D मुद्दाम तिथे ठेवला की सहज पडला ते देव जाणे. मला मुद्दाम वाटतं, कारण असा सापळा मीही लावला असता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वही घेऊन खाली आली. रात्रीत तिनं आणखी एक प्रयत्न केला होता. बाबांच्या लॅपटॉपवर फोटो मोठा करून पडद्यावर पट्टी लावून उंच्या मोजल्या होत्या. f मध्ये A च्या पातळीपासून B पर्यंत सव्वीस मिलिमीटर, g मध्ये A' च्या पातळीपासून B' पर्यंत साडेचौदा. भागाकार 0.56. "म्हणजे उंची 0.56 पट झाली," असं तिनं लिहून ठेवलं होतं, शेजारी प्रश्नचिन्ह घालून. ते प्रश्नचिन्ह मला आवडलं.

पट्टी चुकली नव्हती, फोटो तिरपा होता. फोन कागदाच्या खालच्या कडेकडून धरलेला, त्यामुळे खालच्या चौकटी कॅमेऱ्याला जवळच्या म्हणून मोठ्या दिसत होत्या आणि वरच्या लहान. B पर्यंतच्या चार चौकटी कागदाच्या वरच्या भागात जातात, तिथे एक चौकट सरासरी साडेसहा मिलिमीटरची पडली. A' ते B' या दोन चौकटी अक्षाच्या आसपास, म्हणजे आणखी जवळ, आणि तिथे चौकट सव्वासात मिलिमीटरची. दोन वेगळ्या मापांच्या पट्ट्यांनी मोजून त्यांचा भागाकार केल्यासारखं ते झालं. चौकटी मोजल्या असत्या तर चार आणि दोन मिळाले असते.

तिरप्या फोटोत काय टिकतं आणि काय बिघडतं ते एकदा कळलं की काम सोपं होतं. सरळ रेघ सरळच राहते. छापील रेघांच्या छेदावरचा ठिपका छेदावरच राहतो. पण लांब्या, कोन आणि लांब्यांची गुणोत्तरं यांवर विश्वास ठेवता येत नाही. दोन अक्षसुद्धा काटकोनात दिसतीलच असं नाही. वही शिवणीजवळ फुगलेली असेल तर सरळ रेघाही वाकतात, तरी चौकटींची संख्या बदलत नाही. म्हणून फोटोवरून काम करताना पट्टी ठेवून द्यावी आणि चौकटी मोजाव्यात. लेबल दिलेलं असेल तर आकडा लेबलाचा घ्यावा आणि चौकटी मोजून त्याची खातरजमा करावी.

मग खरं काम सुरू केलं. मी तिला म्हटलं, "कोण कुठे गेलं ते तूर्त सोड. दोन शेजाऱ्यांमधलं अंतर किती होतं आणि किती झालं तेवढं पाहा." सरकवण्यानं जागा बदलते पण अंतर बदलत नाही, कारण सगळे बिंदू सारखेच सरकतात. अंतर बदलतं ते फक्त ताणण्या-दाबण्यानं. म्हणजे अंतरं आधी पाहिली की सरकण्याची भानगड आपोआप बाजूला पडते.

आडव्या दिशेत f च्या बिंदूंच्या x-किंमती -2, 0, 4, 6 आहेत. मधली अंतरं 2, 4, 2. g मध्ये 2, 3, 5, 6, आणि अंतरं 1, 2, 1. प्रत्येक अंतर निम्मं झालं. उभ्या दिशेत f च्या y-किंमती 0, 4, 0, -2, म्हणजे बदल +4, -4, -2. g मध्ये 1, -1, 1, 2, म्हणजे बदल -2, +2, +1. प्रत्येक बदल निम्मा झाला आणि त्याचं चिन्हही उलटलं. म्हणजे y-किंमती -1/2 नं गुणल्या गेल्यात. 0.56 नाही आणि नुसतं -1 ही नाही.

यात चिन्हासकट वजाबाकी करायची असते, तिथे मुलं घाई करतात. "अंतर" म्हटलं की ती उण्याची खूण टाकून देतात आणि मग आलेख उलटा झाल्याचं हातातून निसटतं. आणखी एक गंमत पाहा. सरांनी डॅश दिले नसते, कोणता ठिपका कोणाचा ते सांगितलंच नसतं, तर x-अंतरांवरून आलेख डावा-उजवाही उलटला आहे की नाही ते कळलं नसतं, कारण 2, 4, 2 दोन्हीकडून सारखंच वाचलं जातं. g चे बिंदू उजवीकडून वाचले तर y-किंमती 2, 1, -1, 1 येतात आणि बदल -1, -2, +2. यांचा +4, -4, -2 शी कुठलाच एक गुणक जुळत नाही, म्हणून ती शक्यता गळते. डॅशमुळे आपली एवढी पायपीट वाचली.

ताण कळल्यावर सरकणं काढायला एक बिंदू पुरतो. उभ्या दिशेत A ची उंची शून्य. शून्याला -1/2 नं गुणलं तरी शून्य, पण A' ची उंची एक आहे. म्हणजे गुणल्यावर एक मिळवलंय. नवी y-किंमत म्हणजे जुनीच्या -1/2 पट अधिक 1. आडव्या दिशेत B घेतला. x शून्य, निम्मं केलं तरी शून्य, आणि B' ची x-किंमत तीन. म्हणजे निम्मं केल्यावर तीन एकक उजवीकडे.

"म्हणजे g(x) = -1/2 f(x/2 + 3) + 1," तिनं लगेच लिहिलं.

बाहेरचा भाग बरोबर होता, कंसातला चुकला. ही चूक तिची एकटीची नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांचं इथेच अडखळतं, आणि "कंसात सगळं उलट होतं" असा मंत्र त्यांना दिला की ती तो पाठ करतात आणि पुढच्या गणितात पुन्हा चुकतात. उलट का होतं ते कळायला हवं.

तिच्या आजीच्या खोलीतलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. उशीर होऊ नये म्हणून आजी ते मुद्दाम पुढे ठेवतात. आजी सातला दिवा लावतात, पण आपल्या घड्याळाप्रमाणे. मग खरे किती वाजलेले असतात? सहा पन्नास. घड्याळात दहा मिनिटं मिळवली आणि घटना दहा मिनिटं आधी घडली. तिचं घर असल्यामुळे हे तिला सांगावं लागलं नाही, तीच हसून म्हणाली, "आजी कायम दहा मिनिटं लवकर."

कंसाचं तसंच असतं. f ला जे मिळतं ते कंसात तयार होतं. B हा बिंदू f ला 0 मिळालं की येतो. तेव्हा विचारायचं असं : g मध्ये f ला 0 मिळायला x किती हवा? आपल्याला माहीत आहे की 3. f ला -2 मिळायला हवा 2, f ला 4 मिळायला 5, f ला 6 मिळायला 6. म्हणजे x वरून f ला जे मिळतं त्याकडे जायचंय. जुना x निम्मा करून तीन मिळवला की नवा x येतो, तर नव्यावरून जुन्याकडे परतताना आधी तीन वजा करायचे आणि मग दुप्पट. 2(x - 3), म्हणजेच 2x - 6.

```
g(x) = -1/2 f(2x - 6) + 1
```

ताळा तिनंच केला. g(2) मध्ये f(-2), शून्य, अधिक एक, एक. g(3) मध्ये f(0), चार, त्याचं -2, अधिक एक, -1. g(5) मध्ये f(4), शून्य, एक. g(6) मध्ये f(6), -2, त्याचं +1, अधिक एक, दोन. चारही जुळले. दोन बिंदू सूत्र काढण्यात खर्ची पडले होते, खरी परीक्षा उरलेल्या दोघांनी घेतली. म्हणून प्रश्नात दोनपेक्षा जास्त बिंदू दिलेले असावेत.

तरी वर्णन लिहिताना ती पुन्हा घसरली. सूत्रात सहा दिसले म्हणून तिनं लिहिलं, "आडवा निम्मा केला आणि मग सहा एकक उजवीकडे सरकवला." मी म्हटलं, "A ला या वाटेनं ने." -2 चं निम्मं -1, अधिक सहा, पाच. पण पाचवर C' आहे, A' दोनवर. "मग सहा चुकीचे?" सहा चुकीचे नाहीत, त्यांची पाळी चुकली. आधी सहा उजवीकडे आणि मग निम्मं : -2 चे 4, आणि 4 चं 2. बरोबर. किंवा आधी निम्मं आणि मग तीन : -2 चं -1, आणि -1 चे 2. तेही बरोबर. आधी सरकवलं की ते सरकणंही निम्मं होतं, म्हणून सहाचे तीन होतात. निम्मं करताना y-अक्ष जागी राहतो आणि बाकी सगळं त्याच्याकडे ओढलं जातं, मग त्यात आधीच सरकलेलं अंतरही आलंच. सूत्र 2x - 6 असं लिहिलं तर सहाची वाट दिसते, 2(x - 3) असं लिहिलं तर तीनची. मला दुसरं रूप आवडतं, कारण त्यातलं सरकणं आलेखावर जसंच्या तसं दिसतं.

उभ्या दिशेतही पाळी महत्त्वाचीच. आधी एक वर आणि मग -1/2 पट केलं तर A शून्यावरून एकवर आणि तिथून -1/2 वर जातो. आधी सरकवायचंच असेल तर दोन एकक खाली सरकवावं लागेल : 0 चे -2, त्याच्या -1/2 पट एक. उत्तर म्हणून हेही चालेल, पण शेवटी आलेख वर आलेला दिसत असताना "खाली सरकवला" असं लिहिलेलं वाचणाऱ्याला खटकेल. आडव्या आणि उभ्या क्रिया मात्र एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. कुणाला आधी घ्यायचं ते आपल्या मर्जीवर.

वर्णनाच्या शब्दांवर आमचा चांगला अर्धा तास गेला. तिची शाळा इंग्रजी माध्यमाची, शिकवणीत हिंदीतून 'फलन', घरी मराठी, त्यामुळे तिच्या वहीत तिन्ही भाषा सुखानं नांदतात. त्याला माझी हरकत नाही. हरकत होती ती "x-अक्षावर दाबला" या वाक्याला. त्याचे दोन अर्थ निघतात : x-अक्षाच्या दिशेनं दाबला, की वरून खाली x-अक्षाकडे दाबला? वाचणारा नेमका दुसरा अर्थ घेईल. म्हणून "x-अक्षाला समांतर" असं लिहायचं आणि गुणक सांगायचा. "छोटा केला" पुरत नाही, किती ते हवं. शेवटी तिच्या वहीत उतरलं ते असं :

x-अक्षाला समांतर 1/2 पट, मग 3 एकक उजवीकडे. x-अक्षात परावर्तन, y-अक्षाला समांतर 1/2 पट, मग 1 एकक वर.

पाच क्रिया, प्रत्येकीला दिशा आणि माप. खाली तिनं स्वतःहून रुंदी-उंचीचा ताळा जोडला. चित्रातला f डावीकडे A ला सुरू होऊन उजवीकडे D ला संपतो, रुंदी आठ. g दोनपासून सहापर्यंत, रुंदी चार. f चा सर्वांत उंच बिंदू B आणि सर्वांत खालचा D, उंची सहा. g मध्ये B' सर्वांत खाली आणि D' सर्वांत वर, उंची तीन. हे पाहायला दहा सेकंद लागतात, आणि उत्तर साफ चुकलेलं असेल तर इथेच उघडं पडतं.

या पद्धतीला एक मर्यादा आहे, तीही तिला सांगितली. इथे f ला चढ-उताराचं स्वतःचं वळण आहे, म्हणून आडवं आणि उभं वेगळं ओळखता आलं. f साधी y = x² असती तर उभा चारपट ताण आणि आडवा निम्मा दाब यांचा आलेख एकच येतो, कारण (2x)² म्हणजेच 4x². मग नुसत्या वक्राकडे पाहून काय केलं होतं ते सांगता येत नाही. बिंदूंना नावं दिलेली असली तरच कळतं, कारण मूळचा (1, 1) हा (1, 4) झाला की (1/2, 1), ते नावावरून ठरतं.

उठायच्या आधी मी सहज विचारलं, "g x-अक्षाला कुठे छेदतो?" तिनं चटकन सांगितलं, "A आणि C अक्षावर होते, म्हणजे A' आणि C' ला." मग स्वतःच थांबली, कारण ते दोघं एकच्या उंचीवर होते. एक एकक वर सरकवल्यावर जुने छेद छेद राहत नाहीत. g शून्य व्हायला f ची किंमत 2 हवी. तिनं A पासून B पर्यंत रेघ सरळ धरली, f ची किंमत 2 होते तो x = -1 काढला, तो निम्मा करून तीन मिळवले आणि वहीत (2.5, 0) लिहिलं.

"इथे ठिपका आहे का?" मी विचारलं.

तिनं फोटो पुन्हा उघडला आणि बोटांनी मोठा करून पाहिला. A पासून B पर्यंतची रेघ सरळ नव्हती, सरांचा हात वळणावळणानं गेला होता, आणि त्या वळणावर ना ठिपका होता ना लेबल. तिनं (2.5, 0) खोडलं आणि लिहिलं, "2 आणि 3 च्या मध्ये कुठेतरी एकदा, आणि 3 आणि 5 च्या मध्ये कुठेतरी एकदा."